टी-शर्टवरचा लोगो पुसताय? मग आधी सुरकुत्या वाचवा

परवा अंबड तालुक्यातला एक मोसंबीवाला माझ्याकडे मोबाईल घेऊन आला. त्याने बागेत मस्त व्हिडिओ काढला होता. स्वतः चालत चालत बोलतोय, मागे झाडं लगडलेली. पण अंगात होता सळईच्या एका ब्रँडचा फुकट मिळालेला आकाशी टी-शर्ट आणि छातीवर पांढरा मोठा लोगो. आता आपल्या जालन्यात असे टी-शर्ट प्रत्येक घरात सापडतात, त्यामुळे त्याच्या ते लक्षातच आलं नाही. तोडणी उरकली होती, म्हणजे पुन्हा शूट करायला माल झाडावर नाही.

पहिला उपाय त्याने स्वतःच केला होता: लोगोवर धूसर चौकोन. माझं स्पष्ट मत आहे, हा सगळ्यात वाईट उपाय. लोगोकडे ज्याचं लक्ष गेलं नसतं, तोही आता चौकोनाकडे बघतो.

दुसरा उपाय एका एडिटरने केला. एक फ्रेम घेतली, त्यात लोगो साफ केला आणि तो कापडाचा तुकडा छातीवर ट्रॅक करून चिकटवला. थांबवून बघितलं तर एकदम झकास! प्ले केलं की स्टिकर. कारण माणूस चालतो तेव्हा काखेपासून पोटाकडे जाणारी घडी प्रत्येक पावलाला मोडते आणि नवीन पडते. तुकड्यातली घडी मात्र त्या एका फ्रेमचीच राहते. घडी तुकड्याच्या काठाशी येऊन तुटली, तर डोळा लगेच पकडतो.

आता मुद्दा समजून घ्या. लोगोखालच्या सुरकुत्या नाहीशा झालेल्या नसतात. शाईवरही तीच सावली पडते. म्हणून लोगो झाकायचा नाही, शाईचा रंग कापडाच्या रंगावर आणायचा. लाल चॅनेलचं उदाहरण घेऊ. उजेडात शाई 0.6 आणि शेजारचं कापड 0.2 असेल, तर शाईला तीनने भागायचं. घडीच्या सावलीत शाई 0.3 होते, भागल्यावर 0.1, आणि तिथल्या कापडाचा आकडाही 0.1च असतो. म्हणजे घडी आपोआप जागेवर! हिरव्या आणि निळ्या चॅनेलचा भागाकार वेगळा येतो, तो तसाच वेगळा काढायचा.

हे आम्ही दाविंची रिझॉल्व्हमध्ये केलं. कलर पेजवर नोडचा Gamma `Linear` केला, नाहीतर हा भागाकार चुकतो. लोगोभोवती सैल विंडो काढून ट्रॅक केली. मग आतली पांढरी अक्षरं क्वालिफायरने निवडली, पण ब्राइटनेसवर नाही, सॅच्युरेशनवर. ब्राइटनेसवर निवडली तर सावलीतली शाई निसटते. पांढऱ्या शाईत रंग कमी आणि आकाशी कापडात जास्त, हा फरक सावलीतही टिकतो. शेवटी तिन्ही चॅनेलचा `Gain` खाली आणला.

सगळ्यात जास्त वेळ गेला अक्षरांच्या कडांवर. पांढरी रेघ उरली तर मास्क छोटा पडलाय, काळसर रेघ आली तर तो कापडावर चढलाय. झपकन वळताना कड आणखी पसरते, तेवढ्या फ्रेमपुरती मास्कची कड मऊ करावी लागली.

आणि एका ठिकाणी ही युक्ती हरली. तो उन्हाकडे वळला तेव्हा शाई पूर्ण पांढरी जळाली होती. जळालेल्या भागात सावलीची माहितीच नसते, कितीही भागा, सपाट निळा डागच मिळतो. तिथे कापड उसनं घ्यावं लागलं, पण त्याच फ्रेममधलं, लोगोच्या लगतचं, आणि घडीच्या दिशेने सरकवलेलं. घडी ज्या रेषेत जाते त्या रेषेतून कापड घेतलं की ती सलग वाटते. आडवं सरकवलं की तुटते. उसनं कापड हालचालीसोबत जिवंत राहतं, कारण तेही त्याच क्षणाचं आहे.

लोगो चार रंगी असता, किंवा गडद कापडावर चमकणारा प्लास्टिकचा छाप असता, तर मी त्याला सरळ नाही म्हटलं असतं. चमक भागाकाराने जात नाही. क्लोज-अपलाही हे चालत नाही, कारण जवळून कापडाची वीण दिसते आणि छापाखाली वीण दिसतच नाही.

तपासताना फ्रेम थांबवू नका. तीन-चार सेकंदांचा तुकडा लूपवर लावा आणि व्हिडिओ आडवा उलटा करून बघा. नजरेची सवय मोडते आणि चूक दिसते. आमच्या व्हिडिओत त्या उन्हाच्या वळणावर थोडी खोट अजून आहे, मोबाईलवर ती कुणाला दिसली नाही.

एक विचाराल, सर, टी-शर्ट उलटा घालून शूट केलं असतं तर? हो, दोन मिनिटांचं काम होतं. आमची त्या लोगोत दीड संध्याकाळ गेली.