रिपोर्टमधले ६८ टक्के



आमच्या एका काकांचं दांडिया बाजाराजवळ फराळाचं दुकान आहे. मागच्या दिवाळीआधी त्यांनी पहिल्यांदाच इंटरनेटवर जाहिरात केली. चकली-अनारशांचा फोटो असलेली छोटी चौकट वेगवेगळ्या साइट्सवर आणि अॅप्समध्ये झळकणार होती. दर हजार वेळा दाखवण्याचे ८० रुपये ठरले. जाहिरात ५ लाख वेळा दाखवली गेली आणि ४०,००० रुपयांचं बिल आलं. सोबत एक देखणा रिपोर्ट होता : व्ह्यूएबिलिटी ६८ टक्के, इनव्हॅलिड ट्रॅफिक ९ टक्के.

काका रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आले. "अगं, तू कॉम्प्युटरवाली. म्हणजे ३ लाख ४० हजार वेळा लोकांनी जाहिरात पाहिली ना? मग फोन इतके थोडे कसे आले?"

जाहिरातींचे आकडे मोजणाऱ्या सॉफ्टवेअरवर मी काही वर्षं काम केलं आहे. त्यामुळे काकांचा हिशोब कुठे चुकतोय, ते लगेच लक्षात आलं. चूक त्यांची नव्हती. रिपोर्ट वाचणारा प्रत्येक नवखा माणूस हाच गुणाकार करतो.

आधी ‘दिसली’ म्हणजे काय, ते पाहू. पान उघडलं आणि जाहिरात ब्राउझरपर्यंत पोचली, की एक इम्प्रेशन मोजलं जातं. ती चौकट पानाच्या तळाशी असेल आणि वाचक तिथवर गेलाच नाही, तरीही मोजलं जातं. म्हणून अमेरिकेतल्या मीडिया रेटिंग कौन्सिलने एक निकष ठरवला, तोच बहुतेक ठिकाणी वापरतात. साध्या जाहिरातीचा किमान अर्धा भाग सलग एक सेकंद स्क्रीनवर असेल, तर ती ‘व्ह्यूएबल’. काकांची चौकट ३०० बाय २५० पिक्सेलची, म्हणजे एकूण ७५,००० पिक्सेल. त्यातले ३७,५०० एक सेकंद स्क्रीनवर आले की झालं. कोणी वाचलंच, असा दावा त्यात नाही. पाहण्याची संधी मिळाली, एवढंच.

आता खरी गोम. हे ६८ टक्के कशाचे?

काकांना मी म्हटलं, "एजन्सीकडून या सुबक पानामागची मूळ एक्सेल मागवा." त्यात ‘मेजरेबल इम्प्रेशन्स’ नावाचा एक रकाना होता आणि त्यात आकडा होता ३ लाख ५० हजार. मोजणारा कोड प्रत्येक ठिकाणी चालत नाही. जाहिरात कधी चौकटीतल्या चौकटीत बसवलेली असते, आणि आतल्या कोडला बाहेरचं पान दिसत नाही. काही मोबाइल अॅप्समध्ये मोजणीची सोयच नसते. अशा १ लाख ५० हजार जाहिराती दिसल्या की नाही, हे कोणालाच सांगता येत नाही. रिपोर्टमधली टक्केवारी मात्र मोजता आलेल्यांवरच काढतात. ३ लाख ५० हजारांचे ६८ टक्के म्हणजे २ लाख ३८ हजार. काकांच्या ३ लाख ४० हजारांतले १ लाख २ हजार इथेच गळाले.

"बरं, मग त्यातून ते नऊ टक्के वजा करू," काका म्हणाले. तेही चालत नाही.

इनव्हॅलिड ट्रॅफिक म्हणजे माणसाशिवाय झालेली वर्दळ. तिचे दोन प्रकार मानतात. पहिला साधा : सर्च इंजिनचे बॉट, डेटा सेंटरमधून येणारी भेट. हे ठरलेल्या याद्यांवरून ओळखता येतात. दुसरा लबाडीचा : माणसाचं सोंग घेणारे प्रोग्रॅम, एकमेकांवर रचलेल्या जाहिराती, खोटं नाव लावलेल्या साइट्स. २०१६ मध्ये उघड झालेलं ‘मेथबॉट’ प्रकरण या दुसऱ्या जातीचं. त्यातले प्रोग्रॅम माउस हलवल्याचं आणि क्लिक केल्याचं नाटकही करत.

असा प्रोग्रॅम पान उघडतो, खाली सरकवतो, जाहिरातीपाशी थांबतो. मोजणाऱ्या कोडला ब्राउझरची खिडकी दिसते, खुर्चीतला माणूस दिसत नाही. म्हणून बॉटसमोरची जाहिरातही ‘व्ह्यूएबल’ ठरू शकते. काही इनव्हॅलिड इम्प्रेशन्स व्ह्यूएबलमध्ये असतात, काही त्याच्या बाहेर. दोन टक्केवाऱ्यांची नुसती वजाबाकी केली तर उत्तर चुकतं. दोन्ही अटी एकाच वेळी पूर्ण करणारा, म्हणजे वैध आणि व्ह्यूएबल, असा वेगळा आकडा मागावा लागतो. काकांच्या बाबतीत तो निघाला २ लाख ४ हजार.

४०,००० रुपये भागिले २०४, म्हणजे दर हजारी सुमारे १९६ रुपये. ठरलेला दर होता ८०. न मोजलेल्या दीड लाखांचं प्रमाणही मोजलेल्यांसारखंच धरलं, तर हाच दर १३७ च्या आसपास येतो. पण ते गृहीतक झालं. हातात पुरावा १९६ चाच.

मग मी साइटवार यादी लावली. एकूण ४५,००० इनव्हॅलिड इम्प्रेशन्सपैकी ३३,००० फक्त तीन ठिकाणांहून आली होती : दोन वॉलपेपरची अॅप्स आणि एक अनोळखी साइट. तिथे एकूण ६०,००० जाहिराती गेल्या, सगळ्या मोजल्या गेल्या, आणि व्ह्यूएबिलिटी होती ९४ टक्के! रात्री तीन वाजताही दुपारइतकीच गर्दी. बडोद्यातलं कोण पहाटे तीनला चकलीची जाहिरात बघतंय?

ही तीन ठिकाणं बाजूला काढली, तर बाकीची व्ह्यूएबिलिटी ६३ टक्क्यांवर उतरली. म्हणजे ज्या आकड्यावर एजन्सी खूश होती, तो बॉटांनीच वर नेला होता. सरासरीत हे झाकलं जातं. म्हणून व्ह्यूएबिलिटी फारच चांगली दिसली तर आनंदाआधी साइटवार यादी बघावी.

काकांनी एजन्सीशी बोलणं केलं. ४५,००० इनव्हॅलिड इम्प्रेशन्सचे ३,६०० रुपये पुढच्या बिलात वळते झाले. बाकीचे नाहीत, कारण पैसे ‘दाखवलेल्या’ जाहिरातींचे ठरले होते, ‘दिसलेल्या’ नव्हे. त्या बाबतीत एजन्सीने शब्द मोडला नव्हता.

या वर्षी काकांनी ऑर्डर देण्याआधी चार गोष्टी लिहून घेतल्या. पैसे फक्त वैध आणि व्ह्यूएबल इम्प्रेशन्सचे. टक्केवारीसोबत ती कशावर काढली तो आकडा. इनव्हॅलिडची तपासणी साधी की लबाडी पकडणारीही, कारण नुसत्या साध्या तपासणीत एक टक्का आला म्हणजे वर्दळ स्वच्छ असं होत नाही. आणि दर आठवड्याला साइटवार यादी, म्हणजे संशयाचं ठिकाण तिथल्या तिथे बंद करता येईल.

एजन्सीने दर १५० सांगितला. काकू म्हणाल्या, "अहो, हे तर जवळजवळ दुप्पट!" काकांनी शांतपणे उत्तर दिलं, "गेल्या वर्षी १९६ पडला होता." आणि मला अनारशांचा डबा दिला.

भेटू पुढच्या अंकात.