ऋण, फ्रेंच आणि माझी लेक

आम्ही इंदूरचे, चार पिढ्यांपासून. लेक एक्स्चेंजवर लियाँला एका कुटुंबात राहिली. निघायच्या आधी त्यांना द्यायला मी मराठीत चिठ्ठी लिहून पाठवली. फ्रेंच तिनंच केलं.

माझं पहिलं वाक्य होतं, "आम्ही तुमच्या ऋणात आहोत." ते तिनं काढलं. म्हणे, "आई, फ्रेंचमध्ये हे उधारीसारखं वाटेल." त्याऐवजी लिहिलं, "मेर्सी द लाव्वार आकयी कॉम व्होत्र फीय", म्हणजे हिला लेकीसारखं घरात घेतलंत, त्याबद्दल आभार. "काही चुकलंमाकलं असेल तर माफ करा" हेही गेलं. ते वाचून मुलीनं खरंच काहीतरी केलं असावं, असं त्यांना वाटलं असतं. उलट मी न लिहिलेलं तिनं घातलं: ताप आला तेव्हा काकूंनी उशाशी ठेवलेलं सूप.

शेवटी माझं "आपली नम्र" होतं, तिचं "नू वू झांब्रासाँ". शब्दशः अर्थ 'आम्ही तुम्हाला मिठी मारतो'! मी दचकलेच. पण तिकडे जवळच्यांना लिहिताना शेवट असाच करतात. 'वू' मात्र परकेपणाचं नाही, अनेकांना उद्देशून तेच लागतं, आपल्या 'तुम्ही'सारखं.

माझं मत विचाराल तर, भाषांतर शब्दांचं करू नये, नात्याचं करावं. तरी ऋणाचं वाक्य गेल्याची चुटपुट होतीच. म्हणून लेकीला सांगितलं, खाली माझी मराठी चिठ्ठीही तशीच जोड. वाचता नाही आली तरी अक्षर तर दिसेल!