सत्तावीस ‘नये’



या अंकाचं संपादकीय एका कागदाविषयी आहे. पूरग्रस्तांच्या छावणीत जाणाऱ्या स्वयंसेवकांच्या हाती आम्ही जो नियमांचा कागद देत होतो, तो आम्हाला पुन्हा लिहावा लागला. का आणि कसा, ते सांगते.

कोल्हापुरात पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ फुटांवर गेलं की धोका, हे आता शाळकरी पोरांनाही पाठ आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५५ फुटांच्या वर गेलं. चिखली, आंबेवाडी आणि शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं शाळांमध्ये, मंगल कार्यालयांमध्ये येऊन राहिली. मदतीला धावणाऱ्यांची तूट नव्हती. आमच्याबरोबरही कॉलेजची मुलंमुली होती आणि प्रत्येकाच्या खिशात आमचा कागद होता. त्यात सत्तावीस कलमं होती आणि प्रत्येक कलमाचा शेवट ‘नये’ असा होता.

एका शाळेतल्या छावणीत आमच्याच एका मुलानं माइक हातात घेतला आणि म्हणाला, “ज्या ताईंना पॅड पाहिजेत त्यांनी हात वर करा.” पटांगणात सासरे, दीर, गावातली पोरं सगळी बसलेली. एकही हात वर गेला नाही. खोकं तसंच परत आलं आणि वहीत नोंद झाली : ‘मागणी नाही.’ त्याच रात्री एका बाईनं आमच्या कार्यकर्तीला कोपऱ्यात नेऊन जुनं लुगडं मागितलं, तेव्हा आम्हाला कळलं.

त्या मुलाला रागावायला मी कागद उघडला. कलम नऊ : ‘स्त्रियांच्या प्रतिष्ठेस बाधा येईल असे वर्तन करू नये.’ मुलगा प्रामाणिकपणे म्हणाला, “मॅडम, मी तर सगळ्यांना ताई म्हणालो.” खरं होतं ते. त्यानं एकही नियम मोडला नव्हता. काय करायचं, हे आम्ही त्याला कुठंच सांगितलेलं नव्हतं.

पाणी ओसरल्यावर आम्ही कागद घेऊन बसलो. प्रत्येक ‘नये’पुढं एकच प्रश्न विचारायचा असं ठरलं : मग करायचं काय? आणि उत्तर असं हवं की बाजूला उभ्या असलेल्या तिसऱ्या माणसाला ते डोळ्यांनी दिसलं पाहिजे. ‘आदराने वागावे’ हे दिसत नाही. आदर प्रत्येकाच्या मनात वेगळा असतो आणि पुष्कळांच्या मनात तो माइकवर मावतो. नववं कलम आता असं आहे : ‘बायकांचं सामान बाईच्या हातून, सगळ्यांना एकसारख्या पिशवीत.’ साबण, कंगवा, आतले कपडे, पॅड हे सगळं एकाच पिशवीत. ती प्रत्येकीला द्यायची, कुणाला काय हवं ते विचारायचं नाही. ज्या म्हातारीला पॅड नको असेल ती सुनेला देईल, त्यात काही बिघडत नाही. आणि टेंपोत एकही मुलगी नसेल, तर पिशव्या छावणीतल्याच दोन बायकांकडं सोपवायच्या.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो एकोणिसाव्या कलमावर. ‘जात, धर्म पाहून भेदभाव करू नये.’ सगळे म्हणाले, हे तर राहू द्या, यात काय बदलायचं? पण आमच्या वह्या काढून पाहिल्या, तर एका गावात दलित वस्तीला सामान सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी मिळालं होतं. कुणीही कुणाची जात पाहिली नव्हती. टेंपो चावडीपुढं थांबला, कारण डांबरी रस्ता तिथंच संपतो. जवळचे आधी आले आणि वस्तीवर पोचेस्तोवर ब्लँकेटं संपली. भेदभाव रस्त्यानं केला आणि आमच्या मुलांचं मन स्वच्छच राहिलं. आता आम्ही लिहिलं आहे : ‘टेंपो आधी शेवटच्या वस्तीवर.’ रस्ता पाण्याखाली असेल तर वस्तीचा वाटा पहिल्यांदा मोजून बाजूला काढायचा. हे वाक्य वाचून ड्रायव्हरही समजतो.

फोटोचं कलम होतं ‘संमतीशिवाय छायाचित्र काढू नये.’ मुलं संमती घेत होतीच. पण धान्याची पिशवी समोर धरून विचारलं, तर नाही कोण म्हणणार? म्हणून ‘वाटप संपेपर्यंत मोबाइल खिशात.’ देणगीदारांना पुरावा लागतो, हे मान्य. त्यांना भरलेल्या पिशव्यांचा फोटो आणि यादी द्यावी. रेडक्रॉस आणि इतर मदत संस्थांनी १९९४ मध्ये जी दहा कलमी आचारसंहिता केली, तिच्या दहाव्या कलमात आपत्तीग्रस्तांना प्रतिष्ठा असलेली माणसं म्हणून दाखवावं, असहाय वस्तू म्हणून नव्हे, असं म्हटलं आहे. तत्त्व उत्तम आहे. पण ते संस्थेसाठी लिहिलेलं आहे. रांगेपुढं उभ्या असलेल्या पोरानं हात कुठं ठेवायचा, हे आपल्यालाच लिहावं लागतं.

याच ओघात कुणीतरी सुचवलं की छेडछाडीचं कलमही ‘होकारार्थी’ करू या : ‘सर्व स्त्रियांना बहीण मानावे.’ माझा विरोध होता. एक तर बहिणींचे आपल्या घरांत काय हाल होतात, ते आपल्याला ठाऊक आहे. दुसरं, तक्रार आल्यावर समितीला ‘हे घडलं की नाही’ एवढंच ठरवायचं असतं, आणि ‘मी बहीणच मानत होतो’ हे कुणीही म्हणू शकतो. पश्चिम आफ्रिकेतल्या निर्वासित छावण्यांत मदतीच्या बदल्यात मुलींचं शोषण झाल्याचं उघड झाल्यावर, २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आणि इतर मदत संस्थांनी मिळून जे नियम केले, त्यांत अठरा वर्षांखालील व्यक्तीशी शरीरसंबंधाला साफ मनाई केली. वय माहीत नव्हतं ही सबबही चालणार नाही, असंही लिहून ठेवलं. तिथं गोड भाषा वापरली नाही, हेच बरोबर केलं. म्हणून आमच्या कागदावर एक ‘नाही’ वेगळ्या चौकटीत शिल्लक आहे : ‘मदतीच्या बदल्यात काहीही घ्यायचं नाही. पैसा नाही, मत नाही, शरीर नाही.’ त्याखाली तक्रार कुणाकडं करायची तिचं नाव आणि फोन. २०१३ च्या कायद्यात विनामोबदला काम करणारेही येतात, हे पुष्कळ गटांना ठाऊक नसतं. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या गटातली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं नेता येते.

अशी सत्तावीसची पाच वाक्यं आणि एक चौकट झाली. वाक्यांचा क्रम दिवसाच्या कामाचाच ठेवला : टेंपो कुठं न्यायचा, पिशवी कशी द्यायची, मोबाइल कुठं ठेवायचा, लोकांनी विचारलं तर काय सांगायचं, परत कसं यायचं. चौथं वाक्य ‘माहीत आहे तेवढंच सांगायचं, बाकीचं वहीत लिहायचं’ असं आहे. पंचनाम्यात नाव येईल का, असं विचारलं की ‘येईल, येईल’ म्हणायचा मोह होतो, त्याच्यासाठी ते.

जुलै २०२१ मध्ये पाणी ५६ फुटांवर गेलं आणि कागदाची परीक्षा झाली. टेंपोत बसल्यावर आम्ही मुलांना न बघता म्हणायला लावत होतो. चार वाक्यं चटकन आली. पाचवं अडलं. ते तेव्हा ‘थकलात तर सांगा’ असं होतं. म्हणून दाखवणारेही प्रत्यक्षात ते पाळत नव्हते, कारण मी थकले असं सांगणं पोरींनाही कमीपणाचं वाटत होतं. एक मुलगी तापात दोन दिवस पोती उचलत राहिली. आता तिथं ‘जोडीनं जायचं, जोडीनं यायचं’ असं आहे. स्वतःबद्दल न सांगणारी माणसं जोडीदाराबद्दल मात्र लगेच सांगतात.

एक गोष्ट अजून जमलेली नाही. छावणीत रात्री दारू पिऊन येणाऱ्या नवऱ्यापुढं आमच्या एकोणीस वर्षांच्या कार्यकर्तीनं नेमकं काय करायचं, याचं तिला पेलणारं वाक्य आम्हाला सापडत नाही. तुमच्या गटानं काही लिहिलं असेल, तर पुढच्या अंकाआधी पाठवा.