पुनर्मूल्यांकनाचे परिपत्रक आणि पाच दिवसांचा हिशेब

दहावीच्या उत्तरपत्रिकांची स्कॅन केलेली प्रत मागवून पुनर्मूल्यांकनाचा अर्ज कसा करावा, हे पालकांना कळवणारी परिपत्रके निकालानंतर मुख्याध्यापकांच्या सहीने निघतात. सातारा जिल्ह्यातील एका शाळेच्या अशा परिपत्रकात तीन गोष्टी होत्या. प्रतीसाठीचा अर्ज शाळेच्या कार्यालयातूनच करावा. प्रत मिळाल्यावर ती शाळेत जमा करावी, विषय शिक्षक आठ दिवसांत अभिप्राय देतील. आणि गुण वाढण्याची शक्यता दिसली तरच अर्ज पुढे पाठवला जाईल. हेतू चांगला असेलही. पण या तीनही गोष्टी मंडळाच्या कार्यपद्धतीशी जुळत नाहीत, आणि दुसरी तर सरळ नुकसान करणारी आहे.

महाराष्ट्र राज्य मंडळाकडे तीन वेगवेगळी कामे आहेत. गुणपडताळणीत बेरीज बरोबर आहे का आणि एखादे उत्तर तपासायचे राहिले आहे का, एवढेच पाहिले जाते. शुल्क विषयाला ५० रुपये. छायाप्रतीला विषयागणिक ४०० रुपये पडतात. तपासलेले उत्तर पुन्हा तपासणे म्हणजे पुनर्मूल्यांकन, त्याला ३०० रुपये. पुनर्मूल्यांकनासाठी आधी छायाप्रत घ्यावीच लागते, आणि ती मिळाल्याच्या दिवसापासून कार्यालयीन कामकाजाच्या पाच दिवसांत अर्ज करावा लागतो. पडताळणी आणि छायाप्रतीची मुदत मात्र एकच असते. २०२५ मध्ये दहावीचा निकाल १३ मे रोजी लागला आणि या दोन्हींसाठी १४ ते २८ मे असा अवधी मिळाला.

आता परिपत्रकातले आठ दिवस या पाच दिवसांशेजारी ठेवून पाहावेत. प्रत ई-मेलने शुक्रवारी संध्याकाळी आली असे धरू. शनिवार-रविवार सुटीचे सोडले आणि आलेला शुक्रवारही मोजला, तर गुरुवारी मुदत संपते. शुक्रवार न मोजला तरी पुढच्या शुक्रवारी. पालक सोमवारी छापील प्रत घेऊन शाळेत गेला, तर परिपत्रकानुसार अभिप्राय मिळणार पुढच्या आठवड्यात. तोवर मुदत संपून गेलेली असते. त्यात हे सगळे मे अखेरीस घडते, जेव्हा शाळेला उन्हाळी सुटी असते आणि गणिताचे सर गावी गेलेले असतात. कार्यालय अकरा ते एक उघडे राहते, पण तिथला लिपिक उत्तर तपासून देऊ शकत नाही. म्हणून परिपत्रकात आठ दिवसांऐवजी दोन दिवस हवेत, आणि सुटीत कोणत्या विषयाला कोणते शिक्षक कोणत्या वारी उपलब्ध असतील याचा तक्ता हवा. पालकाला ज्याची गरज असते तो कागद हाच. शुल्काचे आकडे मंडळाच्या प्रसिद्धीपत्रकात असतातच.

अर्ज शाळेतूनच करण्याची अट तर मंडळाचीही नाही. विद्यार्थ्याला स्वतः किंवा शाळेमार्फत, दोन्ही मार्गांनी छायाप्रतीसाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. प्रत पाहण्याचा प्रश्न कायद्यानेही मिटलेला आहे. १९८४ मध्ये याच मंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उत्तरपत्रिका दाखवण्यास आणि पुनर्मूल्यांकनास नकार देणारे नियम वैध ठरवले होते. पुढे २०११ मध्ये केंद्रीय मंडळाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती अधिकार कायद्याखालची माहिती आहे आणि परीक्षार्थीला ती पाहता येते, असे सांगितले. परीक्षकाची ओळख मात्र झाकून ठेवता येते. त्यामुळे प्रतीवर सहीची जागा काळी केलेली दिसली, तर त्यात संशयाचे काही कारण नाही.

प्रत हाती आल्यावर ती वाचायची कशी, हे परिपत्रकाने सांगायला हवे होते. त्याबद्दल त्यात एक ओळही नाही. दहावीच्या गणित भाग १ चे उदाहरण घेता येईल. लेखी परीक्षा ४० गुणांची, आणि प्रश्नांची वाटणी अशी: १(अ) ४, १(ब) ४, २(अ) ४, २(ब) ८, ३(अ) ३, ३(ब) ६, प्रश्न ४ ला ८, प्रश्न ५ ला ३. समजा, एका मुलीच्या पहिल्या पानावरच्या तक्त्यात अनुक्रमे ४, ३, ४, ६, ३, ३, ४, २ असे गुण आहेत. बेरीज २९, आणि ती बरोबर आहे. म्हणून पालकाने प्रत बाजूला ठेवली, तर चूक कधीच सापडणार नाही. आतली पाने उलटल्यावर ३(ब) मध्ये दोन उदाहरणे दिसतात: एक मुख्य उत्तरपत्रिकेत, ३ गुणांचे, दुसरे पुरवणीत, २ गुणांचे. तक्त्यात फक्त पहिले चढवले गेले आहे. पुरवणीतले गुण तक्त्यावर न येणे ही ओळखीची चूक. एकूण ३१ व्हायला हवेत आणि त्यासाठी गुणपडताळणी पुरते.

प्रश्न ४ चे प्रकरण वेगळे आहे. लगतच्या दोन सम नैसर्गिक संख्यांचा गुणाकार १६८ आहे, त्या संख्या शोधा. मुलीने x(x + 2) = 168 आणि त्यावरून x² + 2x − 168 = 0 असे समीकरण बरोबर मांडले. अवयव (x + 14)(x − 12) असे हवे होते. तिने (x − 14)(x + 12) लिहून उत्तर १४ आणि १६ काढले. परीक्षकाने चारपैकी १ गुण दिला. प्रश्नाच्या गुणदान योजनेत समीकरण मांडण्याला १ आणि ते प्रमाणरूपात आणण्याला १ असे टप्पे असतील, तर तिला २ मिळायला हवेत. इथे बेरीज चुकलेली नाही, उत्तरही तपासायचे राहिलेले नाही. म्हणून हा दावा पुनर्मूल्यांकनाचाच, आणि त्यासाठी अर्जात ‘गुण कमी वाटतात’ असे न लिहिता प्रश्न क्रमांक, पान आणि कोणत्या टप्प्याचा गुण मिळाला नाही हे लिहावे लागते. ही भाषा पालकाची नाही, विषय शिक्षकाची आहे. शाळेची खरी मदत इथे लागते.

स्कॅनबद्दलही एक सूचना आवश्यक होती. भूमितीची आकृती पेन्सिलने काढलेली असते. ती स्कॅनमध्ये फिकी पडते किंवा दिसतच नाही. काळ्या-पांढऱ्या प्रतीत परीक्षकाची आणि नियामकाची शाई वेगळी ओळखू येत नाही, त्यामुळे एकाच उत्तरापुढे दोन आकडे दिसून पालक गोंधळतात. स्कॅनमध्ये आकृती नाही म्हणून ती तपासली गेली नसेल, असा निष्कर्ष काढू नये; परीक्षकासमोर मूळ कागद होता. मात्र पानेच कमी असतील, पुरवणी जोडलेली नसेल किंवा अक्षर आपल्या मुलाचे नसेल, तर ते त्याच दिवशी विभागीय मंडळाला लेखी कळवावे. असे घोळ होऊ शकतात: मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये संगणकाच्या पडद्यावर तपासणी सुरू केली, तेव्हा उत्तरपत्रिकांच्या गोंधळामुळे निकाल लांबले आणि त्याच वर्षी कुलगुरूंना पदावरून जावे लागले, हे सर्वांना आठवत असेल.

राहिली तिसरी अट. गुण वाढण्याची शक्यता नाही, असे शिक्षकाला वाटले तर त्याने तसे स्पष्ट सांगावे; पालकाचे तीनशे रुपये वाचतील. पण अर्ज अडवून धरण्याचे काम शाळेचे नाही. शिक्षकाचा अभिप्राय प्रतिकूल असेल तर तो लेखी द्यावा, आणि त्यानंतरही अर्ज करायचा की नाही हे पालकाला ठरवू द्यावे.

— एक वाचक, सातारा