‘गेलेले’ ग्राहक खरंच गेलेत का?

आमच्या ओळखीतल्या एक काकू न्यू जर्सीत दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेतात. गेल्या वर्षीच्या यादीत २१२ ग्राहक होते, यंदाच्या यादीत २१९. नवीन कोण, गेलं कोण आणि कुणाची माहिती बदलली, एवढंच त्यांना हवं होतं. मला वाटलं, दहा मिनिटांचं काम. तसं ते झालं नाही, आणि का झालं नाही ते तुम्हाला सांगावंसं वाटतं, कारण मंडळाची सभासद यादी असो की दुकानाची ग्राहक यादी, तुम्हीही इथेच अडकाल.

दोन फाइलींची तुलना म्हटलं की जुन्या लोकांना युनिक्सचा `diff` आठवतो. तो १९७० च्या दशकात इथेच, न्यू जर्सीतल्या मरे हिलच्या बेल लॅब्जमध्ये जन्मला. पण `diff` ओळी बघतो, माणसं नाही. पत्ता बदललेली ओळ त्याच्या लेखी एक ओळ गेली आणि दुसरी आली. यादी आडनावाऐवजी तारखेप्रमाणे लावली, तर बहुतेक सगळंच बदललेलं दिसतं. ‘हा तोच ग्राहक, फक्त पत्ता नवा’ असं म्हणायचं असेल, तर ‘तोच’ कशावरून, हे आधी तुम्ही ठरवावं लागतं. म्हणजे प्रत्येक ओळीला ओळखखूण हवी.

काकूंच्या यादीत ग्राहक क्रमांक नव्हता, म्हणून मी फोन नंबर ही खूण धरली.

```python
m = old.merge(new, on="phone", how="outer",
              suffixes=("_old", "_new"),
              indicator=True, validate="one_to_one")
```

`_merge` या रकान्यात `left_only` म्हणजे गेलेले, `right_only` म्हणजे आलेले आणि `both` म्हणजे दोन्हीकडे असलेले. `validate` मुळे एकच नंबर दोन ओळींत आला तर काम तिथेच थांबतं. ते थांबलेलंच बरं.

उत्तर आलं: २६ गेले, ३३ आले, १८६ समाईक. त्या १८६ पैकी १६३ ओळी ‘बदललेल्या’. एवढी माणसं एका वर्षात बदलत नाहीत! बहुतेक सगळे बदल एकाच रकान्यात होते, झिप कोडमध्ये. जुनी फाइल कधीतरी एक्सेलमध्ये उघडून जतन केली होती, आणि 08817 चं 8817 झालं होतं. न्यू जर्सीचे सगळे झिप शून्यानेच सुरू होतात. एकाच रकान्यात सरसकट बदल दिसले, तर आधी फाइलवर संशय घ्या. `str.zfill(5)` ने शून्य परत लावल्यावर बदललेल्या ओळी १७ उरल्या.

खरी चूक मात्र अजून लपलेलीच होती. २१२ वजा २६ अधिक ३३ म्हणजे २१९. हिशेब चोख जुळत होता. तरीही मी ‘गेलेल्यां’ची यादी काकूंसमोर ठेवली, तशा त्या म्हणाल्या, “अरे, ह्या कुठे गेल्या? परवाच चिवड्याची ऑर्डर दिलीय त्यांनी!” त्यांनी फोन बदलला होता. त्यामुळे त्याच बाई एका यादीत गेलेल्या आणि दुसऱ्या यादीत नव्याने आलेल्या दिसत होत्या. जुन्या ओळीत शेरा होता, ‘मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी’. नव्या ओळीत शेऱ्याचा रकाना रिकामा.

मग गेलेले आणि आलेले यांच्यात आडनाव आणि पत्ता जुळवून १३ संशयित जोड्या काढल्या. काकूंनी १२ मान्य केल्या. तेराव्या जोडीत पत्ता एकच होता, पण वडिलांनी ऑर्डर बंद केली होती आणि मुलाने स्वतःची सुरू केली होती. हे कुठल्याही नियमाला कळलं नसतं. शेवटी १४ गेले, २१ आले. हिशेब पुन्हा तितकाच चोख, २१९. बेरीज जुळली म्हणजे तुलना बरोबर आली असं नाही, कारण चुकलेली प्रत्येक ओळख दोन्ही बाजूंना एकेकाने वाढते आणि बेरजेत कुठेच दिसत नाही.

म्हणून माझं मत असं, की गेलेल्यांची यादी सगळ्यात आधी वाचावी, आणि ग्राहकांना ओळखणाऱ्या माणसाने वाचावी. आपण उत्साहाने नवीन नावं बघतो आणि गेलेली पुसून टाकतो.

बदलांची नोंदवही मी वेगळ्या फाइलीत ठेवली आहे. एका बदलाला एक ओळ: ग्राहक, रकाना, जुनी किंमत, नवी किंमत, तारीख. जोडी कुणी मान्य केली, तेही त्यात आहे. ‘शेंगदाण्याची ॲलर्जी’ वरून ‘रिकामं’ हा बदल तिथे दिसतो, पण यादीत आपोआप उतरत नाही. रिकामा रकाना म्हणजे ‘आता ॲलर्जी नाही’ असं नव्हे, बहुधा फॉर्म भरताना कंटाळा आला एवढंच. काकूंनी त्या बाईंना फोन करून विचारलं. ॲलर्जी अजून आहे.

आता प्रत्येकाला F001 पासून क्रमांक दिला आहे. ग्राहक गेला तरी त्याचा क्रमांक दुसऱ्याला द्यायचा नाही, एवढं काकूंकडून कबूल करून घेतलंय.