गॅलनमागे चौरस फूट, लिटरमागे चौरस मीटर

सांगलीतील एका गृहस्थांनी खोली रंगवण्यासाठी एक विलायती रंग निश्चित केला. त्याच्या माहितीपत्रकात लिहिले होते : एका गॅलनमध्ये ४०० चौरस फूट. त्यांच्या मुलाने चौरस फुटांना १०.७६ ने भागून ३७.२ चौरस मीटर हा आकडा काढला आणि तोच 'एका लिटरमध्ये' असा वहीत लिहिला. क्षेत्रफळ बदलले, पण गॅलन तसाच राहिला.

खोली बारा फूट लांब, दहा फूट रुंद व नऊ फूट उंच. चारही भिंती मिळून ३९६ चौरस फूट. दार व खिडकी वजा केल्यास ३६०, म्हणजे सुमारे ३३.४ चौरस मीटर. रंगाचे दोन हात द्यावयाचे असल्याने ६७ चौरस मीटर धरले. मुलाच्या हिशेबाप्रमाणे १.८ लिटर रंग पुरणार होता! वडिलांना ते पटेना, आणि त्यांची शंका रास्तच होती. एक लिटर रंग दहा चौरस मीटरवर पसरला, तर ओल्या थराची जाडी ०.१ मिलिमीटर भरते. ३७ चौरस मीटरवर पसरल्यास ती ०.०२७ मिलिमीटर होईल. एवढ्या पातळ थराखाली जुना रंग झाकला जाणे कठीण.

खरा मार्ग असा. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा असतो. म्हणून १०.७६ ने भागून आलेल्या आकड्यास पुन्हा ३.७८५ ने भागावे. अथवा एकदमच ४०.७ ने भागावे. ४०० चे उत्तर येते ९.८ चौरस मीटर प्रतिलिटर. त्यानुसार दोन हातांस ६.८ लिटर रंग लागतो.

मात्र ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा आहे. पत्रक त्या मापाचे असेल, तर भाजक ४८.९ होतो, उत्तर ८.२ चौरस मीटर येते आणि रंगही ८.२ लिटर लागतो. ४ लिटरचे दोन डबे एका मापाने पुरतात, दुसऱ्याने अपुरे पडतात. कोणता गॅलन अभिप्रेत आहे, हे डब्यावरील लिटरच्या आकड्यावरून ओळखता येते : अमेरिकन डब्यावर बहुधा ३.७८ लिटर असे छापलेले असते. वडिलांनी डब्याचे छायाचित्र मागवले. त्यावर तोच आकडा होता.

पत्रकातील आकडा एका हाताचा आणि गुळगुळीत, प्रायमर दिलेल्या भिंतीचा असतो, हेही ध्यानात घ्यावे लागते. खरबरीत वा नव्या गिलाव्यात रंग अधिक मुरतो. रोलर व ट्रेमध्येही थोडा अडकतो. त्यासाठी दशांश भाग वाढवून त्यांनी साडेसात लिटरचा अंदाज धरला व दोन डबे आणले. दोन्ही डबे एकाच मोठ्या बादलीत ओतून ढवळण्यास रंगाऱ्यास सांगितले. वेगवेगळ्या डब्यांच्या छटेत किंचित फरक असला, तर तो एकाच भिंतीवर चटकन डोळ्यांत भरतो.