घड्याळ थांबवा, मेहेरबानी नको

पोलादपूरची लेकुरवाळी राज्यसेवा पूर्वपरीक्षेला बसली असं धरू. सामान्य अध्ययनाच्या पहिल्या पेपरला १०० प्रश्न, वेळ २ तास. बाळाला पाजायला १५ मिनिटं सोडलं, पण वेळ वाढवून दिला नाही, तर तिचे १२ प्रश्न गेले. ही सवलत की शिक्षा?

१९६१च्या मातृत्व लाभ कायद्याने कामावरच्या आईला बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन जादा विश्रांती दिल्या. मग परीक्षार्थी आईला का नाही? १९२८ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी प्रसूतीलाभाचा बराचसा भार सरकारने उचलावा, असं बजावलं होतं.

म्हणून महाड-पोलादपूरचे आम्ही मागतो: पाजण्याची मिनिटं शेवटी जोडा. गरोदर बाईला तळमजल्यावर, शौचालयाजवळ बसवा. बाळ सांभाळणाऱ्या आजीला फाटकाच्या आत खोली द्या. अर्जातच तसा रकाना ठेवा.

जय भीम!